ऊसतोडीचा हिशेब: उचल, टन आणि बाकी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दसरा झाला की बीड, पाथर्डी, शेवगाव, परभणी, जालना, धाराशिव या पट्ट्यातून ट्रॅक्टर-ट्रकने माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. परतल्यावर टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत किती बाकी निघाली यावरून घरोघरी तेच प्रश्न उठतात. टोळीतल्या कोयत्यांचे हिशेब तपासून देताना जे पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. ऊस तोडणारा, त्याचं शिकलेलं पोरगं आणि प्रामाणिक मुकादम या तिघांनाही उपयोगी पडावं, अशा बेताने लिहिलं आहे.

ऊसतोडीची मजुरी रोजाने असते की कामावर?

कामावर. जितके टन तोडले आणि भरले तितके पैसे. सोयाबीनची सोंगणी एकरावर उक्ती दिली जाते, कापसाची वेचणी किलोवर असते, तशी ऊसतोड टनावर. फरक मोठा आहे तो वजनाच्या जागेचा. कापूस वेचणाऱ्या बाईचं गाठोडं तिच्या डोळ्यांसमोर बांधावरच्या काट्याला लागतं. ऊस मात्र फडात तोडला जातो आणि पंधरा-वीस किलोमीटरवरच्या कारखान्याच्या काट्यावर, बहुतेक वेळा रात्री मोजला जातो. तोडणारा तेव्हा कोपीत झोपलेला असतो. हिशेबातली निम्मी भांडणं या एका गोष्टीतून निघतात.

रोजाचा प्रश्न तरीही सुटत नाही. टनाचा दर कितीही असला तरी त्याचा रोज किती पडला, हे काढल्याशिवाय दर परवडला की नाही हे कळत नाही. ते कसं काढायचं, ते पुढे येईल.

एक "कोयता" म्हणजे नक्की कोण?

नवरा-बायकोची जोडी. दोघं मिळून एक कोयता. एकटा गडी किंवा एकटी बाई असेल तर अर्धा कोयता. पुरुष बहुतेक करून ऊस बुडातून तोडतो, बाई पाचट काढते, वाडे छाटते, मोळी बांधते, आणि भराईच्या वेळी दोघंही मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतात. मोळी तीस-चाळीस किलोंची सहज असते.

या "जोडी"च्या हिशेबात बाईचं नाव कुठेच येत नाही. हंगामाआधी मिळणारी उचल नवऱ्याच्या हातात, अंगठा नवऱ्याचा, बाकीही त्याच्याच नावाने. काम मात्र निम्म्याहून कमी नाही, शिवाय पहाटेची चूल वेगळी. हे बदलायचं तर सुरुवात साधी आहे: करारावर दोघांची नावं आणि दोघांच्या सह्या घ्यायला लावा. मुकादमाचा त्यात एक पैसाही जात नाही.

टनाला दर किती?

हा दर प्रत्येक मुकादम आपापला ठरवत नाही. राज्याचा साखर कारखाना संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात दर काही वर्षांनी करार होतो. 2020 च्या करारात 14 टक्के वाढ मिळून दर टनाला 273 रुपयांच्या आसपास गेला. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ मान्य झाली आणि तो 366 रुपयांच्या आसपास आला. त्याच वेळी मुकादमाचं कमिशन 19 वरून 20 टक्के झालं.

खालचा सगळा हिशेब 366 धरून केला आहे. तुमच्या हंगामाला नवा करार लागू असेल तर तो आकडा घ्या, रीत तीच राहील. आणि हा दर तोडून ट्रक किंवा ट्रॅक्टर भरून देणाऱ्या टोळीचा, म्हणजे डोकी सेंटरचा आहे. बैलगाडीवाले ऊस तोडून स्वतःच कारखान्यावर नेतात, त्यांना वाहतुकीचे पैसे वेगळे मिळतात. दोघांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले तर नाहक भांडण होतं.

मुकादमाचं कमिशन आमच्या टनातून कापायचं असतं का?

नाही. कमिशन हे मजुरीच्या वर कारखान्याकडून मिळतं, मजुरीतून नव्हे. कोणी 366 मधून 20 टक्के कमिशन वजा केलं, तर टनामागे 73 रुपये गेले. हिशेब ऐकताना "टनाला किती धरला?" हा पहिला प्रश्न विचारा. उत्तर 290-295 च्या घरात आलं तर ही कपात झाली आहे असं समजा आणि तिथेच थांबवा.

उचल म्हणजे पगार की कर्ज?

कायद्याने पाहिलं तर आगाऊ मजुरी, व्यवहारात मात्र कर्ज. कारखाना वाहतूकदाराला पैसे देतो, वाहतूकदार मुकादमाला, मुकादम कोयत्याला. प्रत्येक पायरीवर नोटरीचा कागद होतो. पावसाळ्यात घरात पैसा नसताना, लग्नाला, दवाखान्याला, बियाण्याला ती उचल लागते आणि तिथेच हंगामाची किंमत ठरून जाते. उचल एकदा घेतली की दर, जागा, कारखाना यातलं काहीही मजुराच्या हातात राहत नाही.

मुकादमाचीही बाजू आहे, ती झाकू नये. दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसऱ्याच्या ट्रकमध्ये बसणारे कोयते असतात. मग वाहतूकदार मुकादमाच्या मागे लागतो, आणि कित्येक मुकादमांनी त्यापायी जमिनी विकल्या आहेत. म्हणून हिशेब लिहून ठेवणं दोघांच्याही सोयीचं आहे.

मग रोजचं काय लिहून ठेवायचं?

शाळेची साधी वही पुरे. दर खेपेला पाच गोष्टी: तारीख, शेतकऱ्याचं नाव आणि गाव, गाडीचा नंबर, किती कोयत्यांनी मिळून ती गाडी भरली, आणि दुसऱ्या दिवशी वजनाच्या पावतीवरचं निव्वळ वजन. गाडी परत येते तेव्हा ड्रायव्हरकडे किंवा कारखान्याच्या चिटबॉयकडे पावती असते. मोबाईलवर तिचा फोटो काढायचा, बस. मुकादम पावती दाखवायला कुरकुरला तर शेतकऱ्याला विचारा. ऊस त्याचा आहे, त्याच्याकडे पावती येतेच, आणि त्याला वजनाची काळजी तुमच्याइतकीच असते. काट्याच्या बाबतीत तोडणारा आणि शेतकरी एकाच बाजूला असतात, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

याच वहीत दुसऱ्या बाजूने उचल, आठवड्याची खर्ची, किराणा, दवाखान्याला घेतलेले पैसे लिहायचे. घेतले त्याच दिवशी. महिन्याने आठवून लिहिलेला आकडा मुकादमाच्या वहीपुढे टिकत नाही.

वजनाच्या पावतीवर काय बघायचं?

तीन आकडे असतात: भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि त्या दोघांतला फरक, म्हणजे निव्वळ ऊस. सगळ्यांची नजर निव्वळ वजनावर जाते. तुम्ही मधला आकडा बघा.

तोच ट्रॅक्टर, त्याच दोन ट्रॉल्या असतील तर रिकामं वजन दर खेपेला जवळजवळ तेवढंच यायला हवं. डिझेल कमी-जास्त, ट्रॉलीत चिकटलेला चिखल, दोरखंड, यामुळे थोडा फरक पडतो. पण सोमवारी रिकामी गाडी 6 टन 200 किलो आणि गुरुवारी तीच गाडी 6 टन 700 किलो भरली, तर मधले 500 किलो कुणाच्या तरी घामाचे गेले. रिकाम्या वजनाची एक वेगळी रांग वहीत ठेवली की हे एका नजरेत दिसतं, त्याला काट्यावर जावं लागत नाही.

दुसरी खूण मोळ्यांची. तुमच्या टोळीची मोळी साधारण किती किलोची पडते, हे चार-पाच खेपांत कळतं. त्याच आकाराच्या तितक्याच मोळ्या भरून एखाद्या खेपेचं वजन एकदम दीड टनाने घसरलं तर विचारायला जागा आहे. मात्र ऊस वाळलेला असेल, तोडून दोन दिवस फडात पडला असेल किंवा तुरे आलेला खोडवा असेल तर वजन खरंच घटतं. तेव्हा एका खेपेवरून आरोप करू नये, पाच-सहा खेपा बघाव्यात.

काट्याची तपासणी आणि मुद्रांकन वैधमापनशास्त्र विभाग दर वर्षी करतो आणि त्याचं प्रमाणपत्र कारखान्याने लावून ठेवायचं असतं. हंगामात जिल्ह्याची भरारी पथकंही काटे तपासतात. तक्रार शेतकऱ्याच्या आणि टोळीच्या नावाने मिळून गेली तर तिला वजन येतं.

आलेलं वजन टोळीत कसं वाटतात?

दोन पद्धती आहेत. एकीत गाडीचं वजन भरणाऱ्या कोयत्यांत सारखं वाटतात. दुसरीत ज्याच्या त्याच्या मोळ्या मोजून त्या प्रमाणात. सारख्या वाटणीत भांडण कमी, पण एखादा कोयता हळू असेल तर बाकीचे धुसफुसतात. मोळ्यांवर वाटणी असेल तर पात, म्हणजे तोडायला वाटून दिलेली उसाची पट्टी, कुणाला कुठली आली यावर सगळं ठरतं. सरळ उभ्या आडसालीची पात आणि वाऱ्याने लोळलेल्या उसाची पात यात दिवसाला अर्ध्या टनाचा फरक सहज पडतो. जुन्या टोळ्यांमध्ये पात आलटून पालटून देतात. तुमच्या टोळीत कोणती पद्धत आहे ते निघण्याआधी विचारा, फडात उतरल्यावर नव्हे.

एक हिशेब पूर्ण करून दाखवाल?

दाखवतो. आकडे नमुन्याचे आहेत, पण रोज दिसणाऱ्या हिशेबांसारखेच.

आठ कोयत्यांची टोळी आहे. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर दिवसाला एक खेप भरतो, सरासरी 16 टन, म्हणजे कोयत्याला 2 टन. एका जोडीने पावसाळ्यात 90,000 रुपये उचल घेतली आणि हंगामात आठवड्याची खर्ची म्हणून आणखी 10,000. एकूण घेतले 1,00,000. घरापासून 140 दिवस बाहेर होते, त्यातले प्रत्यक्ष तोडीचे दिवस 118. बाकीचे दिवस कारखाना बंद पडला, पाऊस आला, गाडी आली नाही, फड बदलला, खाडे पडले, यात गेले.

जोडीच्या वहीत 236 टन आहेत. 236 गुणिले 366 म्हणजे 86,376 रुपये. घेतलेल्या एक लाखातून ते वजा केले तर बाकी 13,624.

हंगाम संपून पट्टा पडल्यावर मुकादमाने सांगितलेली बाकी मात्र 24,676. फरक 11,052 रुपयांचा. हा फरक कुठून आला हे शोधायचं तर "मला पटत नाही" म्हणून भागत नाही, त्याचे तुकडे करावे लागतात. मुकादमाच्या वहीत टन होते 214. म्हणजे 22 टन कमी, त्याचे 8,052 रुपये. उरलेले 3,000 हे सहा खाड्यांचे, खाड्याला 500 प्रमाणे. बेरीज बरोबर 11,052.

आता बोलणं सोपं होतं. 22 टन म्हणजे या जोडीच्या अकरा दिवसांचं काम. तारखा लावून बघितल्या की बहुतेक वेळा कळतं की ते सलग दिवस आहेत: ड्रायव्हर बदलला तो आठवडा, किंवा टोळी दुसऱ्या गटात हलवली ते दिवस. पावत्या दुसऱ्याच टोळीच्या नावावर चढलेल्या असतात. कधी ती चूक असते, कधी नसते. फोटो असतील तर चुकीचं दुरुस्त होतं, आणि चूक नसेल त्याचंही.

खाड्याचे पैसे कापणं योग्य आहे का?

टनावर काम करणाऱ्याला खाडा दोनदा लागतो. एक, त्या दिवशी टनच नाहीत, म्हणून मजुरी नाही. दोन, वर दंड. बाई आजारी पडली, पोराला ताप आला, तरी दंड. रोजाच्या पगारी नोकराचा पगार कापतात ते समजू शकतं, कारण त्याला न केलेल्या दिवसाचा पगार मिळाला असता. इथे कापायला काहीच नसताना कापलं जातं. माझ्या मते हा दंड सरळ अन्याय आहे आणि हिशेबाला बसताना तो आधी खोडायला लावावा. बरेच मुकादम वाद घातल्यावर निम्म्यावर येतात, यावरूनच त्यांनाही ते माहीत असतं असं दिसतं. दवाखान्याची चिठ्ठी जपून ठेवा.

उलट बाजू कुणी मांडतच नाही. गाडी आली नाही, कारखाना चार दिवस बंद राहिला, तेव्हा टोळी कोपीत बसून खर्ची खाते. त्या दिवसांचं कुणी काही देत नाही. असे दिवस वहीत "गाडी नाही", "कारखाना बंद" असे कारणासकट लिहा. खाड्याचा विषय निघाला की तेही समोर ठेवता येतात.

हा दर परवडला की नाही, हे कसं कळणार?

वरचीच जोडी घ्या. तोडीच्या दिवशी 2 टन, म्हणजे 732 रुपये, माणशी 366. ऐकायला बरं वाटतं. पण पहाटे अंधारात फडात उतरल्यापासून गाडी भरून होईपर्यंत बारा तास कमीच धरले. तासाला साडेतीस रुपये पडले. महाराष्ट्रात 2024-25 साली रोजगार हमीचा दर 297 रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला 37 च्या आसपास. म्हणजे गावाजवळ खडी फोडण्याचा तास उसाच्या तासापेक्षा महाग ठरला.

दुसरं भागून बघा. 86,376 रुपयांना 140 दिवसांनी भागलं तर जोडीला दिवसाचे 617, माणशी 308. आणि हे बाराएक तासांच्या कामाचे, घर सोडून, पोरांची शाळा बुडवून. तरीही लोक जातात, कारण रोजगार हमी पावसाळ्यात एकरकमी 90,000 हातावर ठेवत नाही.

दिवसाच्या किमान वेतनाचा कायदा टनाच्या कामाला लागतो का?

लागतो. मजुरी कामाच्या मापावर ठरवली म्हणून किमान वेतनातून सुटका होत नाही. दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा वेठबिगारी आहे. अडचण आहे ती सिद्ध करण्याची. किती तास काम केलं याची नोंद कुठेच नसते. म्हणून वहीत फडात उतरल्याची आणि गाडी सुटल्याची वेळही टाकता आली तर टाका.

बाकी फिटली नाही, तर पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे जावंच लागतं का?

नाही. बाकी हा पैशाचा व्यवहार आहे, माणूस गहाण ठेवण्याचा नाही. पैसे फिटेपर्यंत दुसरीकडे काम करू न देणं, पोरांना किंवा बायकोला ठेवून घेणं, गाडीत घालून नेणं, हे 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे. अशा वेळी अर्ज थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा. कायद्याने ती जबाबदारी त्यांच्यावर आहे, आणि वेठबिगारी ठरली तर ते कर्जच रद्द होतं. पोलीस ठाण्यात मात्र बहुतेक वेळा उचलीची केस उलटी, फसवणुकीची म्हणून मजुरावरच दाखल होते. म्हणून तोंडी बोलण्यापेक्षा लेखी अर्ज, वहीची झेरॉक्स आणि पोहोच घेतलेली प्रत जवळ असू द्या.

खरोखर निघणारी बाकी द्यावीच लागते, हेही तितकंच खरं. वरच्या उदाहरणातल्या जोडीला 13,624 देणं आहेच. वाद आहे तो 11,052 चा.

शेतकऱ्याकडून घेतलेले "खुशाली"चे पैसे कुणाचे?

नियमाने कुणाचेच नाहीत. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून आधीच वजा झालेला असतो, त्यामुळे साखर आयुक्तालयाने असे पैसे मागू नयेत अशी परिपत्रकं काढली आहेत. तरी घेतले जातात, कारण दर अपुरा आणि शेतकऱ्याला ऊस लवकर जायची घाई. टोळीच्या नावावर मागितलेले पैसे टोळीपर्यंत पोचतातच असं नाही, आणि गावात नाव मात्र तोडणाऱ्याचं खराब होतं. वाडे ही वेगळी गोष्ट. ती जनावरांना घालायची किंवा विकायची जुनी रीत आहे.

नोंदणी केली तर काय मिळतं?

राज्याचं गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांकडून गाळलेल्या उसाच्या टनामागे 10 रुपये घ्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, अशी रचना आहे. ओळखपत्रासाठी ग्रामसेवकाकडे नाव नोंदवावं लागतं, तेही गाव सोडण्याआधी. संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत पोरांना ठेवायचं असेल तेव्हा हेच ओळखपत्र पुढे करावं लागतं. नोंदणी जोडीची नव्हे, प्रत्येकाची वेगळी करा.

कारखाना म्हणतो, "हे मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत." मग मागायचं कुणाकडे?

हे उत्तर प्रत्येक हंगामात ऐकू येतं. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे कंत्राटी कामगारांच्या कायद्यातलं जुनं तत्त्व आहे. कारखाने ते स्वतःला लागू नाही असं म्हणतात. पण तोडीचा कार्यक्रम कारखान्याचं शेतकी खातं ठरवतं, कोणत्या फडात कधी उतरायचं हे चिटबॉय सांगतो, वजन कारखान्याचा काटा करतो आणि पंधरवड्याचं बिल कारखान्याच्याच संगणकातून निघतं. त्या बिलात तुमच्या टोळीचे टन खेपेगणिक असतात. मुकादमाशी हिशेब जुळला नाही तर शेतकी अधिकाऱ्याला टोळीचा कोड नंबर देऊन त्या बिलाचा उतारा लेखी मागा, आणि एक प्रत साखर सहसंचालकांच्या कार्यालयाला लावा. हा अर्ज पट्टा पडायच्या आधी, टोळी अजून फडात असताना करा. ट्रक गावाकडे निघाला की उतारा द्यायची घाई कुणालाच राहत नाही.